दुकानाचा व्हिडिओ आणि दुसऱ्याचं गाणं

समजा, नाशिकमधलं एक मिठाईचं दुकान आहे. गणपती पंधरा दिवसांवर आलेत आणि उकडीच्या मोदकांचं बुकिंग सुरू करायचंय. दुकानातला पुतण्या फोनवर तीस सेकंदांचा सुरेख व्हिडिओ करतो. पारीला कळ्या पडताना दिसतात, मोदकपात्रातून वाफ येते, शेवटी दुकानाचा फोन नंबर. मागे तो एका सिनेमातलं गणपतीचं गाजलेलं गाणं लावतो. व्हिडिओ इन्स्टाग्रामवर जातो, यूट्यूबवर जातो, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही जातो. चौथ्या दिवशी इन्स्टाग्रामवर त्याचा आवाज बंद झालेला असतो. पैसे देऊन तो जास्त लोकांपर्यंत पोचवायला, म्हणजे बूस्ट करायला जावं तर जाहिरात नामंजूर. यूट्यूबवर कॉपीराइटची सूचना येऊन पडलेली.

दुकानदाराचा पहिला प्रश्न अगदी रास्त असतो. याच गाण्यावर हजारो लोकांचे रील्स सुरळीत चालू आहेत, मग आमचाच का काढला?

त्याचं उत्तर परवानगीच्या स्वरूपात आहे. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूब शॉर्ट्स यांनी म्युझिक कंपन्यांशी करार करून आपल्या ॲपमध्ये गाणी आणली आहेत. हे करार लोकांच्या वैयक्तिक वापरासाठी आहेत. घरच्या गणपतीची सजावट दाखवणारी ताई ते गाणं लावू शकते. मोदकाची ऑर्डर मागणारं दुकान लावू शकत नाही, कारण तिथे गाणं माल विकायला मदत करतंय. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या संगीतविषयक नियमांत व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना लागेल असं स्पष्ट म्हटलंय. म्हणूनच इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं उघडलं की चालू सिनेगीतं बहुतेक वेळा दिसेनाशी होतात.

इथे बरेच जण, आणि दुर्दैवाने पैसे घेऊन सोशल मीडिया सांभाळणारे काही लोकही, एक युक्ती सांगतात. खातं बिझनेसवरून पर्सनल किंवा क्रिएटर करा, सगळी गाणी परत दिसतात. दिसतात हे खरं. पण खात्याचा प्रकार बदलल्याने व्हिडिओचा हेतू बदलत नाही. नाव दुकानाचं, नंबर दुकानाचा, माल दुकानाचा. हा सल्ला देणाऱ्याचं काम त्या दिवसापुरतं भागतं. जबाबदारी मात्र दुकानदाराच्या गळ्यात राहते.

‘ॲपनेच गाणं दिलं होतं’ हा बचाव कोर्टात तपासला गेला आहे. अमेरिकेत बँग नावाचं एनर्जी ड्रिंक विकणाऱ्या कंपनीने टिकटॉकवरच्या जाहिरातवजा व्हिडिओंत गाजलेली गाणी वापरली. युनिव्हर्सल म्युझिकने २०२१ मध्ये दावा लावला. गाणी टिकटॉकच्या संग्रहातूनच घेतली, असं कंपनीचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टाने ते मान्य केलं नाही आणि कंपनीने स्वतः टाकलेल्या व्हिडिओंबाबत तिला दोषी धरलं. पुढे २०२४ मध्ये सोनी म्युझिकने मॅरियट या हॉटेल कंपनीवर दावा लावला. त्यात ९३१ वेळा उल्लंघन झाल्याचा आरोप होता. कंपनीच्या स्वतःच्या पोस्टबरोबरच निरनिराळ्या हॉटेलांनी आणि पैसे देऊन नेमलेल्या इन्फ्लुएन्सरनी टाकलेल्या पोस्टही त्यात मोजल्या होत्या. तो खटला निकालापर्यंत गेला नाही, पण आपल्याकडच्या दुकानदाराने त्यातली इन्फ्लुएन्सरची बाब लक्षात ठेवावी. गावातल्या एखाद्या फूड ब्लॉगरला पैसे देऊन रील करून घेतला, तर गाणं त्याने निवडलं एवढ्याने आपण मोकळे होत नाही.

आता गाण्याकडे वळू, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. या कायद्याच्या नजरेत गाणं ही एक वस्तू नाही. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र कृती. एका शेताच्या सातबाऱ्यावर तीन नावं असावीत तसं हे आहे. एकाने होकार दिला म्हणून जमीन आपली होत नाही. सिनेगीतांत हे तिन्ही हक्क अनेकदा एकाच म्युझिक कंपनीकडे आलेले असतात, पण नेहमीच नाही.

हे समजायला आपली आरतीच घेऊ. रामदासस्वामींच्या नावावर असलेली आरती किंवा तुकोबांचा अभंग सतराव्या शतकातला. त्या शब्दांवर आज कुणाचाही कॉपीराइट नाही. घराघरांत परंपरेने चालत आलेली चाल असेल तर तीही मोकळी. पण विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने त्या अभंगाला नवी चाल बांधली असेल, तर ती चाल त्या संगीतकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं संरक्षित आहे. आणि आपण यूट्यूबवरून उतरवून घेतलेली एखाद्या प्रसिद्ध गायकाची आरती हे तर कंपनीचं ध्वनिमुद्रण. त्याची मुदत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ साली निघालेली रेकॉर्ड २०२४ संपताना मोकळी झाली. पण तिच्यातली चाल किंवा शब्द अजून बंदिस्त असू शकतात. ‘देवाचं गाणं आहे, त्याला कसला कॉपीराइट’ असं म्हणणाऱ्याचं शब्दांपुरतं बरोबर असतं, आणि व्हिडिओ नेमका ध्वनिमुद्रणावरून उडतो.

मग नाशिकच्या त्या दुकानाने काय करावं? घरातल्या किंवा गल्लीतल्या चार जणांनी पारंपरिक चालीत आरती म्हणावी, टाळ वाजवावेत आणि फोनवर ते रेकॉर्ड करावं. शब्द मोकळे, चाल मोकळी, ध्वनिमुद्रण स्वतःचं. म्हणणाऱ्यांची लेखी संमती घेऊन ठेवायची, कारण गाणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो. हा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, कारण तो फुकट आहे आणि दुकानाच्या व्हिडिओला त्या दुकानाचाच आवाज मिळतो.

एवढं करूनही यूट्यूबवर सूचना येऊ शकते. यूट्यूबची कॉन्टेंट आयडी ही यंत्रणा कंपन्यांनी दिलेल्या रेकॉर्डिंगशी प्रत्येक नवा व्हिडिओ ताडून पाहते, आणि कधीकधी नुसत्या चालीवरूनही जुळणी लावते. तिला शब्द सतराव्या शतकातले आहेत हे कळत नाही. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नये. आधी सूचना कोणत्या प्रकारची आहे ते पाहावं.

यूट्यूबवर क्लेम आणि स्ट्राइक हे दोन वेगळे प्रकार आहेत. क्लेम म्हणजे यंत्रणेने जुळणी लावली आणि हक्कधारकाने ठरवून ठेवलेली कारवाई लागू झाली. व्हिडिओ चालू राहून त्यावरच्या जाहिरातींचे पैसे हक्कधारकाला जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. नुसत्या क्लेमने चॅनलला इजा होत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कधारकाने कायद्यानुसार व्हिडिओ हटवण्याची विनंती केली आणि यूट्यूबने तो हटवला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. स्ट्राइक ९० दिवसांनी उतरतो, पण त्यासाठी यूट्यूबचं कॉपीराइट स्कूल हे छोटं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

क्लेम आला की यूट्यूब स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओसमोरच्या कॉपीराइटच्या नोंदीवर जावं. कुणी दावा केलाय, कोणत्या गाण्यावर, किती मिनिट किती सेकंदापासून किती सेकंदापर्यंत, सगळं तिथे दिसतं. गाणं खरोखरच दुसऱ्याचं असेल तर तिथेच तीन पर्यायांपैकी एक निवडता येतो. तेवढा तुकडा कापता येतो, गाण्याचा आवाज बंद करता येतो किंवा यूट्यूबच्या संग्रहातलं दुसरं संगीत बसवता येतं. व्हिडिओची लिंक तीच राहते, बघणाऱ्यांची संख्या तशीच राहते.

आपली बाजू खरी असेल, म्हणजे परवाना असेल किंवा आरती स्वतः गायलेली असेल, तरच हरकत नोंदवावी. हरकतीत ‘आम्ही क्रेडिट दिलंय’ असं लिहून काही होत नाही. नेमकं लिहावं: शब्द कुणाचे, चाल पारंपरिक, गायन आणि ध्वनिमुद्रण आमच्या दुकानाने अमुक तारखेला केलं. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने मुदतीत काहीच केलं नाही तर क्लेम सुटतो. त्याने क्लेम कायम ठेवला तर अपील करता येतं आणि त्यावर त्याला ७ दिवस असतात. इथे जपून पाऊल टाकायला हवं, कारण अपीलही फेटाळायचं ठरवलं तर दावेदार थेट हटवण्याची विनंती करू शकतो, आणि मग स्ट्राइक येतो. त्याला उत्तर म्हणून प्रतिसूचना देता येते. तीत आपलं नाव-पत्ता समोरच्याला जातो आणि कोर्टात जायची तयारी मान्य करावी लागते. म्हणून बाजू कच्ची असताना नुसतं बघू या म्हणून हरकतींचे बटण दाबत जाणं धोक्याचं.

आणि या सगळ्या मुदतींकडे दुकानदाराच्या नजरेने पाहा. गणपती दहा-अकरा दिवसांचे, हरकतीचा काळ ३० दिवसांचा. आपण जिंकलो तरी तोवर विसर्जन होऊन गेलेलं असतं. सणाच्या व्हिडिओत वाद जिंकण्यापेक्षा वाद येऊच न देणं जास्त मोलाचं. त्यासाठी व्हिडिओ आठवडाभर आधी यूट्यूबवर प्रायव्हेट ठेवून चढवावा. प्रसिद्ध करण्याआधीच तपासणीच्या टप्प्यावर कॉपीराइटची जुळणी झाली का ते दिसतं. अर्थात तिथे हिरवी खूण आली म्हणजे परवाना मिळाला असं नव्हे. फक्त यंत्रणेला आज काही सापडलं नाही, एवढंच.

स्वतः गाणं शक्य नसेल तर तयार संगीत घ्यावं लागतं, आणि तिथे ‘फ्री’ या शब्दावर फार लोक फसतात. यूट्यूबवर नावातच ‘नो कॉपीराइट’ लिहिलेले व्हिडिओ ढिगाने आहेत. ते चढवणारा त्या संगीताचा मालक असतोच असं नाही, आणि मालक नसलेल्याने दिलेली परवानगी म्हणजे काहीच नाही. इन्स्टाग्रामवर ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून दिसणारा आवाजही अनेकदा कुणीतरी आपल्या रीलमध्ये चढवलेलं सिनेगीतच असतं. गाणं हळू केलं, घुमवलं, त्याचा सूर बदलला तरी ते मूळ मालकाचंच राहतं. पंधरा सेकंद चालतात, पाच सेकंद चालतात, असा कोणताही आकडा आपल्या कायद्यात नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका जाहिरातीतल्या गाण्याच्या ओळीचा वापर नगण्य मानला होता, पण तिथपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं वकील लागले. यंत्रणा असला विचार करत नाही. तिला काही सेकंद पुरतात.

खरोखर वापरता येणारे मोफत संग्रह आहेत. मेटाचं साउंड कलेक्शन हा त्यातला एक. त्यातलं संगीत फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर व्यवसायालाही वापरता येतं, मात्र ते मेटाच्याच मंचांपुरतं. तोच व्हिडिओ यूट्यूबवर किंवा दुकानाच्या वेबसाइटवर टाकला की परवाना संपला. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररीही मोफत आहे. तिथल्या काही रचनांखाली निर्मात्याचं नाव वर्णनात देण्याची अट असते, ती पाळावीच लागते.

क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखालचं संगीतही मिळतं, पण त्याच्या नावातली अक्षरं वाचायला हवीत. CC BY असेल तर श्रेय देऊन वापरा. NC असेल तर व्यवसायासाठी नाही, विषय संपला. ND चा अर्थ मूळ कृतीत बदल नको असा आहे, आणि संगीत चित्रावर बसवणं हाही या परवान्यात बदलच धरला जातो, म्हणून ND असलेलं संगीत व्हिडिओला चालत नाही. ‘मी गाण्यात काहीच बदललं नाही’ असं म्हणून अनेक जण ते वापरतात.

एपिडेमिक साउंड किंवा आर्टलिस्टसारख्या सेवा वर्गणी घेऊन संगीत देतात. तिथे योजना निवडताना चार गोष्टी तपासाव्या लागतात: व्यवसायाला परवानगी आहे का, पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीला आहे का, कोणकोणत्या मंचांवर, आणि वर्गणी बंद केल्यावर जुन्या व्हिडिओंचं काय. साधारणपणे वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेले व्हिडिओ पुढेही सुरक्षित राहतात. वर्गणी संपल्यावर तेच संगीत नव्या व्हिडिओत वापरता येत नाही. परवाना एजन्सीच्या नावावर आहे की दुकानाच्या, हेही विचारून घ्यावं. एजन्सी बदलली आणि परवाना तिच्याबरोबर गेला, असं होऊ शकतं. परवान्याची पीडीएफ, पावती आणि संगीताच्या पानाचा स्क्रीनशॉट व्हिडिओच्या फाइलबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवला, की हरकत लिहायला दहा मिनिटं लागतात.

तेच गाजलेलं सिनेगीत हवंच असेल तर ते विकत घ्यायचा रस्ता आहे. त्याला सिंक परवाना म्हणतात, म्हणजे गाणं चित्राशी जोडण्याची परवानगी. तो गाण्याचे हक्क असलेल्या म्युझिक कंपनीकडून घ्यावा लागतो. कोणत्या माध्यमात, किती काळ, किती सेकंद, कोणत्या प्रदेशात, यावर किंमत ठरते आणि छोट्या दुकानाला ती सहसा परवडत नाही. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. दुकानात किंवा हॉटेलात गाणी वाजवण्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस किंवा म्युझिक कंपन्यांच्या पीपीएल या संस्थेचा परवाना घेतलेला असतो, आणि त्यावर व्हिडिओही चालेल असं वाटतं. तो परवाना जागेत गाणी वाजवण्याचा आहे. व्हिडिओत गाणं जोडण्याशी त्याचा संबंध नाही.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांचंही असंच होतं. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. त्या वरातीचा व्हिडिओ करून फोटोग्राफरने आपल्या धंद्याच्या पानावर टाकला, तर त्या सूटीचा आधार मिळत नाही. पार्श्वभूमीला डीजे सहज वाजत होता, हेही कारण चालत नाही. पार्श्वभूमीला ओघाने आलेल्या कृतीची कायद्यातली सवलत चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींना आहे, संगीताला नाही. दुकानाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ काढताना स्पीकर बंद ठेवणं, किंवा चित्रीकरणाचा आवाज काढून टाकून नवा जोडणं, हा त्यावरचा सरळ उपाय.

गावातल्या एखाद्या तरुण संगीतकाराकडून दुकानाची जिंगल करून घेणं हा चांगला मार्ग आहे. खर्च आवाक्यात असतो आणि चार पैसे आपल्याच माणसाला मिळतात. फक्त पैसे दिले म्हणजे जिंगल आपली झाली, असं कायदा मानत नाही. चालीचा पहिला मालक ती बांधणारा. हक्क आपल्याकडे यायला सही असलेला लेखी करार लागतो. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे लिहावं लागतं. कलम १९ प्रमाणे काळ लिहिला नसेल तर करार पाच वर्षांपुरताच धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसांना फराळ पाठवणाऱ्या दुकानाला ही ओळ फार महाग पडू शकते. संगीतकाराने तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचे संगीताचे आयते तुकडे वापरले असतील तर त्यांचे परवानेही मागून घ्यावेत, कारण तोच लूप दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असतो आणि मग आपल्या अस्सल जिंगलवर क्लेम येतो.

शेवटी कंपनीची नोटीसच आली तर. क्लेम, स्ट्राइक हे मंचाचे नियम झाले. नोटीस हा कायद्याचा भाग. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर कोर्ट किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. दुकानाच्या जाहिरातीला तो दिलासा मागणं कठीण. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांना पैसे हवे असतात आणि व्हिडिओ काढलेला हवा असतो. नोटीस मिळाली की आधी व्हिडिओ कधी टाकला, किती जणांनी पाहिला, जाहिरातीवर किती खर्च केला, याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग व्हिडिओ काढावा. पुरावा ठेवल्याशिवाय पुसून टाकलं तर पुढे आकडे समोरचा सांगेल तेच. पैसे मागणारा खरोखर हक्कधारक आहे का, याचे कागद मागावेत. नुसत्या ईमेलवर किंवा फोनवर पैसे भरू नयेत. आणि उत्तर स्वतः न लिहिता वकिलाकडून द्यावं, कारण ‘चूक झाली, माफ करा’ असं भाबडेपणाने लिहिलेलं व्हॉट्सॲपही उद्या कबुली म्हणून समोर येऊ शकतं.